डोळ्यात अचानक लख्ख चमकतंय, नवे ठिपके फिरतायत: लग्न उरकेपर्यंत थांबू नका

*सप्रेम नमस्कार. माझं वय ५८, सांगोला तालुक्यात राहते. तीन दिवसांपासून उजव्या डोळ्यात कानाच्या बाजूला वीज चमकल्यासारखं होतं, रात्री लाइट बंद केल्यावर जास्त. कालपासून त्याच डोळ्यापुढे बारीक काळे ठिपके आणि केसासारखं काहीतरी फिरतंय. दुखत नाही, लाल नाही, पेपर वाचता येतो. या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं, त्याआधी उणे सातचा चष्मा होता. मेडिकलमधून थेंब आणलेत. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. मुलीचं लग्न बारा दिवसांवर आहे. ते उरकून दाखवलं तर चालेल का?*

ताई, नाही चालणार. आज दवाखाना उघडा असेल तर आज, नाहीतर उद्या सकाळी, बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. हे वाचून होताच पहिला फोन तोच करा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी हरकत नाही.

डोळ्याच्या आत, भिंगाच्या मागे, एक पारदर्शक घट्टसर जेल असतं. साधारण चार मिलिलिटर, म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी. ते जवळजवळ सगळं पाणीच असतं, पण त्यात बारीक तंतूंची जाळी असते आणि ती मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, ठिकठिकाणी चिकटलेली असते. वयानुसार हे जेल पातळ होतं, आकसतं आणि एक दिवस पडद्यापासून सुटू लागतं. पन्नाशी-साठीनंतर हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. सुटताना ते पडद्याला ओढतं. पडद्याच्या पेशींना प्रकाशाशिवाय दुसरी भाषा येत नाही, त्यामुळे ती ओढ तुम्हाला प्रकाश म्हणून दिसते. अंधारात ती जास्त जाणवते, कारण तेव्हा बाहेरचा उजेड तिला झाकत नाही. डोळा झटकन वळवला की आतलं जेल हिंदकळतं, म्हणून तेव्हा चमक हमखास येते. कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी किंवा विजेसारखी उभी रेघ दिसणं हे याचं नेहमीचं रूप आहे.

अडचण येते ती जेल जिथे जास्त घट्ट चिकटलेलं असतं तिथे. तिथे ते सुटत नाही, पडद्यालाच फाडतं. ही चीर बहुधा घोड्याच्या नालेच्या आकाराची असते आणि पडद्याच्या अगदी कडेला पडते. तिथून नजरेचं काम फारसं होत नाही, त्यामुळे वाचायला, ओळखायला काहीच अडत नाही. फाटताना पडद्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली, तर रक्ताचे कण जेलमध्ये उतरतात आणि डोळ्यापुढे एकदम पुष्कळ बारीक काळे ठिपके, काजळी उडाल्यासारखे, दिसू लागतात. तुम्ही बारीक ठिपके लिहिलंत, म्हणून काळजी वाटली. नुसतं जेल सुटलं असेल तर एखादं मोठं वर्तुळ, कोळ्याचं जाळं किंवा केस दिसतो. त्यातही चीर नसेलच असं घरबसल्या सांगता येत नाही.

प्रमाण सांगायचं, तर अशी नवी लक्षणं घेऊन आलेल्या साधारण सात जणांपैकी एकाच्या पडद्याला चीर सापडते. जेलमध्ये रक्त दिसत असेल तर हे प्रमाण कितीतरी वाढतं. लक्षणांसह पडलेली चीर तशीच सोडली, तर जवळजवळ निम्म्या जणांचा पडदा सरकतो. वेळेत लेझर झालं तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांचा सरकतो. घाई एवढ्याचसाठी आहे. चीर हा छोटा प्रश्न आहे, तिच्यातून पुढे येणारा पडदा सरकणे हा फार मोठा.

पडदा सरकतो कसा, हेही समजून घ्या. चिरेतून पातळ झालेलं जेल पडद्याच्या मागे शिरतं. पत्र्याचा एक कोपरा उचकटला की वारा आत घुसून सगळा पत्रा उचलतो, तसं ते पडद्याला मागच्या थरापासून सोडवत जातं. त्या मागच्या थरातूनच पडद्याच्या पेशींना प्राणवायू आणि पोषण मिळतं. सुटलेला भाग उपाशी राहतो आणि दिसणं बंद करतो. तुम्हाला मग एका कडेने काळी सावली किंवा पडदा आत सरकताना दिसतो. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे सावली खालून येत असेल तर पडदा वरच्या बाजूला सुटतोय असं समजायचं. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण वरचं पाणी स्वतःच्या वजनाने खाली, नजरेच्या मध्यबिंदूकडे उतरतं. काही तासांतही ते तिथे पोचू शकतं.

तो मध्यबिंदू, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, चिकटलेला आहे तोवर ऑपरेशन केलं तर नजर बहुतेक पूर्वीसारखी राहते. तो सुटला की ऑपरेशनने पडदा जागेवर बसतो, पण नजर पूर्वीइतकी येईलच असं नसतं. अक्षरं वाकडी किंवा फिकी दिसणं राहून जातं. सुटून जितके दिवस जातील तितकं परत मिळणं कमी. म्हणून सावली दिसू लागली तर उद्या सकाळचीही वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी धोका वाढवतात, आणि त्यातली एक डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकते. उणे सात म्हणजे तुमचा डोळा जन्मभर लांबट आहे. साधारण डोळा पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर असतो, मोठ्या उणे नंबरचा त्याहून दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, आणि ताणल्यामुळे त्याच्या पडद्याची कड पातळ असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना आतलं भिंग तुमच्या नंबरप्रमाणे बसवतात, त्यामुळे आज तुमचा चष्मा जवळजवळ बिननंबरचा असेल. पण नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तशीच आहे, पडदाही तितकाच पातळ आहे. समोरच्या डॉक्टरांना तुमचा आजचा चष्मा पाहून हे कळणार नाही. तेव्हा ‘ऑपरेशनच्या आधी उणे सात होता’ हे वाक्य स्वतःहून, सुरुवातीलाच सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेशन. नैसर्गिक भिंग चार-पाच मिलिमीटर जाड असतं, बसवलेलं त्याहून खूपच पातळ असतं. मागच्या जेलला पुढे सरकायला जागा मिळते आणि ते लवकर सुटतं. यात ऑपरेशन चुकलं असं काही नाही, चांगल्या झालेल्या ऑपरेशननंतरही हे होतं.

आता फोनवर काय बोलायचं. नुसतं ‘डोळा दाखवायचाय’ म्हटलं तर आठवड्यानंतरची वेळ मिळते. असं सांगा: “उजव्या डोळ्यात तीन दिवसांपासून प्रकाश चमकतोय, कालपासून नवे काळे ठिपके आहेत, आधी उणे सात नंबर होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी आज होईल का? तुमच्याकडे रेटिनाचे डॉक्टर आणि लेझर आहे का?” नाही म्हणाले तर वेळ घालवू नका, पुढचा फोन लावा. तुमच्याकडून सोलापूर आणि मिरज दोन्ही गाठता येतात, आणि दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आधी जवळच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं तरी चालेल, पण चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी किंवा गावातलं शिबिर इथे उपयोगाचं नाही. बाहुली मोठी न करता काढलेला पडद्याचा फोटोही पुरेसा नाही. तो मधला भाग दाखवतो आणि चीर कडेला असते. डोळ्याच्या मधल्या भागाचं स्कॅनिंग करून ‘ओसीटी नॉर्मल’ लिहून दिलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका.

सोबत कोणाला तरी न्या. थेंबांनी बाहुली मोठी झाली की चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं, ऊन खुपतं, त्यामुळे स्वतः गाडी चालवायची नाही. गॉगल किंवा छत्री घ्या. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, जुना चष्मा किंवा त्याचा कागद आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका. बाहुली मोठी करण्याच्या काही थेंबांनी रक्तदाब थोडा वाढू शकतो, म्हणून बीपीचं सांगायला विसरू नका, पण गोळी बंदही करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तीही स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. तपासणी किंवा लेझरसाठी उपाशी जावं लागत नाही. सावली मात्र सुरू झालेली असेल तर ऑपरेशन लागू शकतं, म्हणून काही खाण्याआधी फोनवर विचारून घ्या. वाटेत किती वेळ आडवं पडायचं, कोणत्या कुशीवर, हेही त्याच फोनवर विचारा.

मेडिकलमधून आणलेले थेंब ठेवून द्या. या त्रासावर कोणताही थेंब काम करत नाही, कारण गडबड डोळ्याच्या पुढच्या भागात नसून मागे आहे. धोका थेंबांचा तितकासा नाही, थेंब टाकून दोन दिवस वाट पाहण्याचा आहे. डोळा चोळू नका, त्यावर दाब देऊन मालिश करू नका. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या पडद्याला वेदनेची जाणीवच नसते. तो पूर्ण सुटला तरी दुखत नाही. चमकणं दोन दिवसांत कमी झालं, तर तेही बरं होण्याचं लक्षण मानू नका. जेल पूर्ण सुटलं तरी ओढ थांबते, आणि चीर पडून तो तुकडा मोकळा झाला तरी ओढ थांबते. आतून यातलं काय झालं हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

तपासणीत डॉक्टर डोक्यावर दिवा असलेलं यंत्र लावून, हातात भिंग धरून पाहतील आणि पापणीवरून एका बोथट काडीने डोळा हलकेच दाबतील. त्याने कडेचा पडदा आत येतो आणि दिसतो. थोडं खुपतं, पण त्या दाबण्याशिवाय काही चिरा दिसत नाहीत, म्हणून सहन करा. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे बघ म्हणतील तसं बघत राहा. आत रक्त इतकं असेल की पडदा दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. रक्तामुळे दिसलं नाही म्हणून ‘महिन्याने या’ असं सांगितलं, तर मात्र रेटिनाच्या डॉक्टरांकडून सोनोग्राफी झाली आहे का हे आवर्जून विचारा.

चीर सापडली आणि पडदा अजून सुटलेला नसेल, तर त्याच दिवशी लेझर करता येतं. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात, एक भिंग डोळ्यावर टेकवतात आणि चिरेभोवती लेझरच्या ठिपक्यांच्या दोन-तीन रांगा देतात. ठिपका पडला की लख्ख चमकतं, कधी डोळ्यात टोचल्यासारखं होतं. बहुधा पाव-अर्ध्या तासात काम होतं आणि घरी जाता येतं. लेझर चीर शिवत नाही, तिच्याभोवती डाग पाडतो, आणि डाग भरून येताना पडदा मागच्या थराला घट्ट चिकटतो. ही चिकटण्याची ताकद लगेच येत नाही, पूर्ण यायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत वजन उचलू नका आणि डोळ्याला मार लागू देऊ नका. लेझरने चमकणं किंवा ठिपके लगेच जात नाहीत, म्हणून ‘लेझरचा उपयोग झाला नाही’ असं मनात आणू नका.

आता लग्नाकडे येऊ. आज लेझर झालं तर त्या दिवसापर्यंत बारा दिवस होतात. तांदळाचं पोतं उचलायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, मांडवात धक्काबुक्कीत जायचं नाही. बाकी तुम्ही उभ्या राहाल, नीट बघाल. उलट आता टाळलं आणि सात-आठ दिवसांनी पडदा सरकला, तर मोठं ऑपरेशन लागेल. त्यात बऱ्याचदा आतलं जेल काढून डोळ्यात गॅस भरतात आणि गॅसचा बुडबुडा चिरेवर टेकावा म्हणून मान सांगितल्या कोनात, कधी पालथी, काही दिवस ठेवावी लागते. गॅस असेपर्यंत त्या डोळ्याने धूसर दिसतं. गॅस प्रकारानुसार दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत राहतो. तोवर विमानाने जायचं नाही, आणि उंच घाटात जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. वर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. मुंबईला ऑपरेशन करून खंडाळ्याचा घाट चढून परत यायचं म्हटलं, तरी हा प्रश्न उभा राहतो. लग्नाच्या आठवड्यात हे सगळं घरच्यांना पेलणं कठीण आहे. त्या तुलनेत आजचा दिवस गेला, तर फक्त एक दुपार गेली.

चीर नाही असं निघालं, तर सुटलात. तरी त्याच दिवशी पुढची तारीख घेऊन या. साधारण चार ते सहा आठवड्यांत पुन्हा बाहुली मोठी करून तपासणी हवी, कारण जेल अजून सुटत असतं आणि पहिल्या तपासणीत नसलेली चीर काही थोड्या जणांत नंतर पडते. ठिपके वाढले, चमक पुन्हा जोराने आली किंवा सावली दिसली, तर त्या तारखेची वाट पाहायची नाही. घरी हे ओळखण्यासाठी रोज सकाळी एक साधी गोष्ट करा. चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभं राहा, डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि उजव्याने मधली एक तारीख पाहत राहा. नजर न हलवता चारही कोपरे दिसतात का, कुठे पुसट होतं का, रेषा वाकतात का, हे बघा. मग उजवा झाकून तेच करा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची सावली दुसरा झाकून टाकतो, म्हणूनच कित्येकांना ती उशिरा कळते. ही तपासणी डॉक्टरांची जागा घेत नाही. आजच्या भेटीनंतर लक्ष ठेवायला ती आहे.

फिरणारे ठिपके राहिले तर घाबरू नका. चीर नसेल तर ते आठवड्यांत, काही महिन्यांत खाली बसतात आणि मेंदूही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे पाहिलं की दिसतील, तेवढंच. त्यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेऊ नका, त्याने ते जात नाहीत.

इतर वाचकांसाठी एक खूण. दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारी, नागमोडी, चकाकणारी, हळूहळू पसरणारी रेघ वीस-तीस मिनिटांत आपोआप जाते आणि कधी नंतर डोकं दुखतं, ती बहुधा अर्धशिशीची असते. एकेक डोळा झाकून पाहा. कोणताही डोळा झाकला तरी रेघ दिसत राहिली तर ती मेंदूतून येते, एकाच डोळ्याने दिसली तर त्या डोळ्यातून. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि चकाकण्यासोबत तोंड वाकडं होणं, हात-पाय गळणं किंवा बोलणं अडखळणं असेल, तर डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ नका, १०८ ला फोन करा.

ताई, तपासणीहून येताना डाव्या डोळ्याचाही पडदा कडेपर्यंत पाहिला का, हे विचारून या. त्याचाही नंबर मोठाच असणार, आणि एका डोळ्याचं जेल सुटलं की दुसऱ्याचंही बहुधा एक-दोन वर्षांत सुटतं. त्या डोळ्यात पुन्हा असंच चमकलं, तर तेव्हाही त्याच दिवशी फोन लावायचा.